खोदीव शिक्क्यांचा कालनिर्णय : एका प्रचलित पद्धतीची परीक्षा

जुने खोदीव शिक्के, मोहोरेच्या अंगठ्या आणि लाखेवरील छापा यांचा संग्रह करणारांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्याबरोबरच त्यांचा काळ ठरविण्याची एक सोपी पद्धतही रूढ झालेली दिसते. शिक्क्यावर साल असेल तर ते साल म्हणजे त्याचे वय. साल नसेल तर ज्याचे नाव असेल त्याचा काळ तोच शिक्क्याचा काळ. अक्षरे उलटी असतील, धातू काळवंडलेला असेल व कडा झिजलेल्या असतील तर तो अस्सल. अशा तीन पायऱ्यांत निर्णय होतो आणि चिठ्ठीवर ‘शिवकालीन’ अथवा ‘पेशवेकालीन’ हा शब्द पडतो. या तिन्ही पायऱ्या कोठवर भक्कम आहेत हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी लोणंद हे स्थळ घेतले आहे, त्यास कारण आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील हे बाजाराचे गाव नीरेच्या खोऱ्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर वसलेले आहे. पूर्वेस निंबाळकरांचे फलटण, पश्चिमेस पंतसचिवांचे भोर, दक्षिणेस छत्रपतींचे सातारा आणि उत्तरेस पेशव्यांचे पुणे. या सर्व दरबारांचे कागद, त्यांचे वतनदार आणि कारकून यांची वर्दळ या टापूतून होती. त्यामुळे येथे एखादा शिक्का जुन्या घराच्या सामानातून वा मोडीच्या दुकानातून निघाला, तर केवळ सापडण्याच्या जागेवरून तो कोणाचा हे सांगता येत नाही. निर्णय शिक्क्याच्याच अंगावरून करावा लागतो. म्हणून पद्धतीची परीक्षा येथे कडक होते.

आरंभी शब्दांचा अर्थ निश्चित करू. आपल्याकडे ‘शिक्का’ हा शब्द धातूच्या ठोकळ्यासही लावतात आणि कागदावर उमटलेल्या आकृतीसही लावतात. या दुहेरी अर्थाने पुष्कळ घोटाळा होतो. या लेखात धातूची किंवा खड्याची खोदलेली वस्तू ती ‘शिक्का’ आणि तिच्यापासून शाईने कागदावर अथवा दाबाने लाखेवर उमटते ती ‘छाप’, असा भेद पाळला आहे.

पहिली पायरी सालाची व नावाची. फारसी शिक्क्यांवर हिजरी साल खोदण्याची चाल होती. काजी, हवालदार, ठाणेदार, मोगलाईतील मनसबदार यांच्या छापा महजरांवर व सनदांवर विपुल आढळतात. हे साल बहुधा अधिकार मिळाल्याचे किंवा शिक्का खोदविल्याचे असते. कागद लिहिल्याचे नसते. एकदा खोदविलेला शिक्का अधिकारी वर्षानुवर्षे वापरीत असे. म्हणून छापेतील साल कागदाच्या सालाहून मागचे निघाले तर त्यात काही वावगे नाही. पुढचे निघाले तर मात्र कागदाविषयी संशय घ्यावा. अर्थात साल ही कालाची केवळ आधीची मर्यादा घालून देते. ‘याच्या आधीचा नाही’ इतकेच ते सांगते; ‘याच वर्षीचा आहे’ असे सांगत नाही. आणि ही मर्यादाही छापेच्या बाबतीतच पक्की आहे. खुद्द शिक्का पुढे कोणी जुने साल घालून नव्याने खोदला असेल, तर त्याला ती लागू पडत नाही.

सालाचे वाचन करतानाच एक चूक इतकी सहज घडते की ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. शिक्क्यावरील मजकूर आरशात दिसावा तसा उलटा असतो. वाचणारा अंकांचा क्रम उलटा आहे हे लक्षात घेतो आणि उजवीकडून डावीकडे अंक लावतो. परंतु प्रत्येक अंकही स्वतः उलटा झालेला आहे हे विसरतो. फारसी पद्धतीचे शून्य, एक, पाच, सात व आठ हे अंक उलटविले तरी तसेच दिसतात, म्हणून चूक पुष्कळदा उघडकीस येत नाही. दोन आणि सहा यांची गोष्ट वेगळी. दोनाच्या उभ्या रेघेस वरती उजवीकडे आकडी असते आणि सहाच्या रेघेस ती डावीकडे असते. उलटविला की दोन हा सहासारखा व सहा हा दोनासारखा दिसतो. आता शिक्क्यावर १०६२ हे हिजरी साल आहे असे धरा. शिक्क्याकडे पाहून केवळ क्रम सुलटा केला तर वाचन १०२६ असे होईल. हिजरी १०६२ म्हणजे बहुतांशी इ. स. १६५२, १०२६ म्हणजे इ. स. १६१७. एका आकडीच्या दिशेने पस्तीस वर्षांचा फरक पडला आणि निजामशाहीच्या अखेरच्या काळातील मनुष्य व शिवाजी महाराजांच्या उदयकाळातील मनुष्य यांची अदलाबदल झाली. यावर उपाय सोपा आहे. शिक्क्यावरून कधीच वाचू नये. मऊ मेण किंवा मळलेली माती यांवर हलकी छाप घेऊन ती वाचावी, अथवा छायाचित्र घेऊन ते आरशात धरावे.

मराठी शिक्क्यांवर बहुधा साल नसते. मजकूर बाळबोध लिपीत असून त्यात धन्याचे व सेवकाचे नाव असते. कागद मोडीत असला तरी शिक्का सामान्यतः बाळबोधच. येथे नावावरून काळ ठरविण्याचा मोह होतो. पेशव्यांच्या मुद्रेचा साचा प्रसिद्ध आहे : ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. येथे शाहू आणि बाजीराव ही दोन्ही नावे पाहून काम संपले असे वाटते. पण साताऱ्याच्या गादीवर शाहू दोन झाले आणि पुण्याच्या मसनदीवर बाजीरावही दोन झाले. पहिले शाहू महाराज १७०८ ते १७४९, दुसरे १७७७ ते १८०८. पहिले बाजीराव १७२० ते १७४०, दुसरे १७९६ ते १८१८. म्हणजे शाहू आणि बाजीराव ही जोडी दोन वेळा जुळते आणि दोहोंत पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. निर्णायक अक्षरे ती ‘बल्लाळ’ ही. म्हणजे बाळाजीचा पुत्र. दुसरे बाजीराव रघुनाथरावांचे पुत्र. झिजलेल्या शिक्क्यावर नेमका हाच मधला शब्द अस्पष्ट असला, तर नावावरून केलेला निर्णय पोकळ ठरतो. त्याच्या उलट शिवाजी महाराजांची चंद्रकोरीच्या श्लोकाची अष्टकोनी मुद्रा घ्या. ती १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आधीही चालत होती व नंतरही चालली. तिचा मजकूर तोच. म्हणून केवळ मजकुरावरून कागद राज्याभिषेकापूर्वीचा की नंतरचा हे सांगता येत नाही. नाव हे काळाचे कुंपण आहे. नेमकी जागा दाखविणारी खूण नव्हे.

दुसरी पायरी खोदकामाची. ‘अक्षरे उलटी म्हणून अस्सल’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. सुलटी व वर उठलेली अक्षरे असलेली वस्तू शिक्का असूच शकत नाही, हे बरोबर. तिची छाप उलटी येईल. आज स्मृतिवस्तू म्हणून ज्या राजमुद्रेच्या अंगठ्या व पदके सर्वत्र विकली जातात, त्यांतील बहुतेक या एकाच कसोटीवर बाद होतात, कारण त्या पाहण्यासाठी केलेल्या आहेत, छाप उठविण्यासाठी नाहीत. परंतु उलटी अक्षरे खोदणे हे आजच्या कारागिरास काही अवघड नाही. म्हणून अक्षरांच्या दिशेपेक्षा अक्षरांची खाच पाहिली पाहिजे.

आपल्याकडील दरबारी शिक्के मुख्यतः शाईसाठी असत. अक्षर खोलगट कोरलेले, भोवतालची जमीन सपाट. काजळीची शाई सपाट भागास लागे आणि खाच कोरडी राही. म्हणून जुन्या कागदांवर काळ्या जमिनीत पांढरी अक्षरे दिसतात. या कामास खाच फार खोल असण्याचे कारण नव्हते. शाई आत उतरणार नाही इतकी पुरे. लाखेच्या कामाची गरज निराळी. तेथे लाख खाचेत शिरून अक्षर वर उठले पाहिजे. त्याला खोली लागते आणि शिक्का सुटून यावा म्हणून खाचेच्या भिंती वर रुंद होत जाणाऱ्या असाव्या लागतात. उथळ खाचेचा शिक्का लाखेत दाबला तर अक्षर धूसर उमटते. यावरून शिक्का कोणत्या कामासाठी केला होता याचे अनुमान होते. आणि कामावरून कोणत्या प्रकारच्या कचेरीचा, हेही काही अंशी कळते. थैलीत घातलेल्या खलित्याचे तोंड बंद करण्याची लाखेची मोहोर आणि सनदेच्या माथ्यावरील शाईची मुद्रा या दोन गरजा होत. पुढे इंग्रजी अमलात टपाल, खजिना, रेल्वे यांच्या थैल्यांवर लाखेचे पितळी शिक्के आले. एखाद्या ‘पेशवेकालीन’ म्हणून आणलेल्या शिक्क्याची खाच लाखेस योग्य इतकी खोल व सर्वत्र सारख्या खोलीची निघाली, तर हे शाईचे हत्यार नव्हे असा प्रश्न तेथल्या तेथे उपस्थित करावा.

आता दहापट भिंगाखाली खाचेचा तळ पहावा. पोलादी कोरणीने पितळेत कोरलेली रेघ तळाशी निमुळती असते. ती सुरू होते तेथे उथळ, मध्ये खोल आणि हात उचलला तेथे पुन्हा निमुळती होते. वळणावर कोरणी थांबून पुन्हा चालल्याच्या बारीक पायऱ्या दिसतात. दोन ‘र’ किंवा दोन ‘न’ कधीच हुबेहूब सारखे नसतात. ओतीव शिक्क्यात खाचेचा तळ गोलसर, कडा किंचित ढिसूळ, आणि जागोजाग वायूचे सूक्ष्म खड्डे असतात. ओतलेल्या वस्तूवर मागाहून कोरणी फिरविलेली असली तर अक्षरे तीक्ष्ण दिसतील, पण अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत, जेथे कोरणी पोहोचत नाही तेथे, ओतकामाचा खडबडीतपणा शिल्लक राहतो. आम्लाने खाल्लेल्या शिक्क्यात खोली सर्वत्र एकसारखी असते व भिंत आतून पोखरलेली दिसते. यंत्राने कोरलेल्यात तळाशी समांतर, समान अंतराच्या रेषा असतात. या शेवटच्या दोहोंपैकी एकही खूण दिसली तर अठराव्या शतकाचा विषय तेथे संपतो.

अंगठीची परीक्षा करताना धातू व खडा यांचा विचार वेगळा केला पाहिजे. मोहोरेच्या अंगठीत बहुधा अकीक असतो, आणि खंबायतचा अकीक या कामासाठी प्रसिद्ध होता. अकीक पोलादाहून कठीण असल्याने कोरणीने तो खोदला जात नाही. लहान फिरत्या चाकास कुरुंदाची पूड व तेल लावून तो घासत न्यावा लागतो. म्हणून खड्यातील रेघ नावेच्या तळासारखी असते : मध्ये खोल, दोन्ही टोकांस उथळ होत जाणारी, आणि वाकड्या अक्षरासाठी अशा लहान रेघा एकापुढे एक जोडलेल्या दिसतात. मात्र खडा जुना व कोंदण नवे असणे हे अगदी नित्याचे आहे. चांदी झिजली की सोनाराकडून अंगठी बदलून घेत आणि आजोबांचा खडा तोच ठेवीत. तेव्हा अंगठीचे वय सांगताना ‘खडा अमुक काळचा, कोंदण तमुक काळचे’ असे दोन निर्णय लिहावेत. एकच निर्णय लिहिणे हे चुकीचे वर्णन होय.

तिसरी पायरी धातूची. येथे युरोपातील ग्रंथांतून उचललेला एक नियम आपल्याकडे अविचाराने लावला जातो. तो असा : जुन्या पितळेत जस्ताचे प्रमाण शेकडा अठ्ठावीस-तीस यांच्या वर जात नाही, अधिक असेल तर पितळ अर्वाचीन. युरोपापुरता हा नियम सकारण आहे. तेथे तांबे व जस्ताचे खनिज एकत्र तापवून पितळ करीत. जस्त वाफेच्या रूपाने तांब्यात शिरे आणि त्या रीतीने एका मर्यादेपुढे जस्त मुरविता येत नसे. शुद्ध जस्त गाळण्याची कृती तेथे विल्यम चॅम्पियन याने १७३८ साली पेटंट घेऊन व्यवहारात आणली. परंतु हिंदुस्थानात राजस्थानातील जावर येथे मध्ययुगापासून जस्त ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढीत असत. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि हवा लागताच जळते. म्हणून भट्टीत मडकी उलटी ठेवून त्याची वाफ खाली थंड जागी उतरविण्याची युक्ती तेथील कारागिरांनी साधली होती. बिदरचे प्रसिद्ध काम तर मुळात जस्ताचेच, त्यात थोडे तांबे मिसळलेले. शुद्ध जस्त हाती असल्यावर तांबटास पाहिजे त्या प्रमाणात ते घालता येत होते. म्हणून लोणंदच्या टापूत सापडलेल्या शिक्क्यात शेकडा पस्तीस जस्त निघाले, तर त्यावरून तो अर्वाचीन ठरत नाही. आणि वीस निघाले, तर त्यावरून प्राचीनही ठरत नाही.

यावरून धातू निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. तो शिक्का जुना असल्याची साक्ष देत नाही. जुना नसल्याची साक्ष कधी कधी देतो. चांदीचा म्हणून आणलेला शिक्का ‘जर्मन सिल्व्हर’चा, म्हणजे तांबे, जस्त व निकेल यांचा निघाला, तर त्यावर पहिल्या बाजीरावाचे नाव असून उपयोग नाही, हा धातू युरोपात १८२० नंतरच्या दशकांत तयार होऊन आपल्या बाजारात त्यानंतर आला. मूठ व चकती यांच्या सांध्यातील डाकात कॅडमियम आढळले, तर तो सांधा विसाव्या शतकातील आहे. मात्र सांधा दुरुस्तीचाही असू शकतो. म्हणून हा आरोप आधी सांध्यावर, मग शिक्क्यावर. आज क्ष-किरणांच्या यंत्राने वस्तूस धक्का न लावता अशी परीक्षा करता येते. परंतु ते यंत्र केवळ पृष्ठभागाचा पातळ थर वाचते आणि जुन्या पितळेच्या पृष्ठभागातून जस्त झिरपून गेलेले असते. म्हणून आकडा एका जागेचा न घेता, झिजून उघड्या पडलेल्या कडेचाही घ्यावा. काळवंडलेपण हे तर सर्वांत दुबळे प्रमाण. गंधकाची धुरी दिली की ते एका रात्रीत येते. त्याहून वाईट ती शिक्का चिंच-मिठाने घासून लखलखीत करण्याची सवय. तीमुळे खाचेत साचलेली काजळी, डिंक व लाखेचे कण, म्हणजे त्या शिक्क्याने खरोखर काम केल्याचा पुरावा, धुऊन जातो.

झिजेचा पुरावा पुष्कळांस आवडतो. तोही जागा पाहून घ्यावा. कामातील शिक्का तोंडाच्या सपाट जमिनीवर झिजतो, कारण तीच कागदावर दाबली जाते. त्यामुळे खाचेची वरची कड बोथट होते, तळ तसाच तीक्ष्ण राहतो. मूठ झिजते ती बोटे बसतात त्या दोन बाजूंस. लहान दगडांसह पिशवीत घालून घोळलेल्या वस्तूची झीज सर्वत्र सारखी, विशेषतः बाहेरच्या कोपऱ्यांवर असते. उपयोगाने झीज एका दिशेने होते. खोटेपणाने ती चहूकडून होते.

आता या सर्वांचा विनियोग एका कल्पित पण संभाव्य प्रसंगावर करून पाहू. लोणंद येथे पितळेचा, ‘बाजीराव बल्लाळ’ या नावाचा एक गोल शिक्का कोणी विकावयास आणला आहे. अक्षरे उलटी, धातू काळा, कडा झिजलेल्या. रूढ पद्धतीने तो १७२० ते १७४० मधील ठरेल. आमच्या मते काम येथे सुरू होते.

प्रथम मातीवर छाप घेऊन मजकूर वाचावा आणि ‘बल्लाळ’ हा शब्द निश्चित करावा. मग त्याच मुद्रेची निःसंशय, मितीसह असलेल्या कागदावरील छाप मिळवावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात व साताऱ्याकडील दफ्तरांत अशा शोधाला जागा आहे. नंतर दोहोंची मोजणी करावी. येथे व्यास मोजून थांबू नये. शाई पसरल्याने छापेतील पांढरे अक्षर मूळ खाचेपेक्षा बारीक होते आणि बाहेरची कड किंचित फुगते. म्हणून एका अक्षराच्या मध्यापासून दुसऱ्या अक्षराच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे; शाई कितीही पसरली तरी ते बदलत नाही. अशी चार-पाच अंतरे, उभी व आडवी, घ्यावीत.

समजा, अस्सल छापेत दोन दूरच्या अक्षरांतील अंतर ३० मिलिमीटर आहे आणि शिक्क्यावर ते सुमारे २९.५ मिलिमीटर भरते. इतर सर्व अंतरेही त्याच प्रमाणात कमी आहेत. याचा अर्थ काय? पितळ ओतल्यावर थंड होताना शेकडा दीड ते दोन इतके आकसते. एखाद्या अस्सल शिक्क्यावरून साचा घेऊन दुसरा ओतला, तर तो सर्व बाजूंनी नेमका इतका लहान होतो. सर्व दिशांनी सारखा संकोच आणि खाचेचा गोलसर तळ या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा शिक्का मूळ नसून मुळावरून ओतलेली प्रत आहे, असे म्हणता येईल. उलट अंतरे एकाच दिशेने कमी असतील आणि दुसऱ्या दिशेने जुळत असतील, तर दोष कागदाच्या ताणण्याचा असू शकतो. शिक्क्यावर ठपका ठेवू नये. आणि अंतरे कोणत्याच नियमाने जुळत नसतील, तर तो स्वतंत्र हाताने खोदलेला दुसरा शिक्का आहे. तो त्याच काळचा दुसरा अधिकृत शिक्काही असू शकेल, कारण मोठ्या दरबारास एकाहून अधिक शिक्के लागणे स्वाभाविक होते. म्हणून ‘जुळत नाही’ याचा अर्थ लगेच ‘खोटा’ असा करू नये. त्या दुसऱ्या शिक्क्याची छाप कोठे मितीच्या कागदावर सापडते काय, हा पुढचा प्रश्न.

आणखी एक खूण या तुलनेतच मिळते आणि ती फार बोलकी असते. छापेत काही दोष शिक्क्याचे असतात व काही कागदाचे. कडेचा टवका हा शिक्क्याचा दोष. तो पडल्यानंतरच्या प्रत्येक छापेत दिसला पाहिजे, आणि आधीच्या छापांत दिसता कामा नये. अशा टवक्यावरून छापांचा क्रमही लावता येतो. परंतु घडीची रेघ, कसरीचे भोक, शाई न लागलेला डाग हे त्या एका कागदाचे दोष होत. आता एखाद्याने ग्रंथात छापलेल्या ठशाच्या चित्रावरून शिक्का तयार केला, तर चित्रातील घडीची रेघही अक्षराचा भाग समजून तो धातूत कोरतो. कागदाचा दोष धातूत सापडला की वाद मिटला. तो शिक्का त्या कागदानंतरचा, बहुधा त्या चित्राच्या प्रसिद्धीनंतरचा.

लाखेच्या छापांसंबंधी थोडे लिहिणे अवश्य आहे. इंग्रजीच्या अनुकरणाने आपण तिला ‘मेणाची मोहोर’ म्हणतो. पण थैल्यांवरील व लखोट्यांवरील बहुतेक मोहोरा मेणाच्या नसून लाखेच्या असतात. लाख, राळ आणि रंगास हिंगूळ असे तिचे सामान्य घटक. लाखेची छाप शाईच्या छापेपेक्षा अधिक सांगते, कारण तीत खाचेची खोली व भिंतीचा उतार उतरतो. शिक्का नष्ट झाला असला तरी तो कोरीव होता की ओतीव होता हे तीवरून ओळखता येते. तिरप्या प्रकाशात, एका बाजूने दिवा धरून तिचे छायाचित्र घ्यावे. अतिनील किरणांच्या दिव्याखाली नैसर्गिक लाख नारिंगी चमकते. हिंगूळ दाट असल्यास ही चमक दबते, म्हणून ती दिसली नाही एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु एक इशारा अवश्य : लाखेची छाप उन्हाने वा दिव्याने मऊ झाली की कागदापासून अखंड सुटते आणि दुसऱ्या कागदावर बसविता येते. म्हणून अस्सल मोहोर हे अस्सल कागदाचे प्रमाण नव्हे. मोहोरेच्या खालील कागदाचे तंतू लाखेत रुतलेले आहेत की मध्ये गोंदाचा थर आहे, हे कडेने भिंग लावून पाहिल्यावाचून कागदास मान्यता देऊ नये.

हा सूक्ष्मपणा कोणास अनावश्यक वाटेल. त्यांनी साताऱ्याच्याच इतिहासातील एक प्रकरण आठवावे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. महाराजांच्या शिक्क्यांचे म्हणून कागद पुढे आले आणि १८३९ साली महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. ते कागद बनावट आहेत अशी महाराजांच्या पक्षाची तक्रार होती. रंगो बापूजी यांनी ती बाजू लंडनपर्यंत नेली व तेथे वर्षानुवर्षे लढविली. महाराज १८४७ साली काशीसच वारले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी निवर्तल्यावर संस्थानच खालसा करण्याचा निर्णय झाला. त्या वादात कोणती बाजू खरी हे येथे ठरवावयाचे नाही. परंतु ‘शिक्का आहे, म्हणून कागद त्याचा’ एवढ्या युक्तिवादावर किती मोठा भार टाकला जातो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. शिक्का धन्याच्या हातात नसतो, कारकुनाच्या पेटीत असतो. अस्सल शिक्क्यानेही खोटा कागद होतो. आणि चांगल्या नकलेची शाईची छाप डोळ्यांस अस्सलासारखीच भासते.

शेवटी दोष आपल्या संशोधकवर्गाकडेही येतो आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. जुन्या साधनखंडांतून मुद्रेचा मजकूर छापील टाइपात, एखाद्या वर्तुळात किंवा चौकटीत घालून देण्याची रीत पडली. मजकूर शुद्ध मिळाला. पण आकार, माप, अक्षराची ठेवण, कडेचा टवका आणि छापेची जागा, ही सर्व माहिती गेली. अनेक ठिकाणी तर ‘शिक्का’ एवढा एकच शब्द छापलेला आहे. त्या कागदांपैकी जे पुढे गहाळ झाले, त्यांच्या मुद्रा आता तुलनेस कायमच्या अंतरल्या. मग संग्राहकाने आपल्या हातातील शिक्का कशाशी ताडून पाहावयाचा? ज्या पुराव्यावर त्याचा निर्णय टिकावा तोच आपण छापला नाही, आणि त्याने नावावरून व काळेपणावरून अनुमान केले म्हणून त्याला हसतो, हे न्याय्य नव्हे.

यास्तव पुढे जो कोणी शिक्का अगर छाप प्रसिद्ध करील, त्याने मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेले, तिरप्या प्रकाशातील छायाचित्र द्यावे. शिक्का असल्यास त्याची छापही सोबत द्यावी. अक्षरांच्या मध्यांतील तीन अंतरे, वजन, खाचेच्या तळाचे वर्णन आणि वस्तू कोठून कशी मिळाली हे लिहावे. छाप असल्यास कागदाची मिती व छाप माथ्यावर, सांध्यावर की अखेरीस मोर्तबाच्या जागी आहे हे सांगावे. आणि काळाच्या रकान्यात ‘पेशवेकालीन’ हा शब्द न घालता दोन वाक्ये घालावीत : मजकुरावरून अमुक वर्षाच्या आधीचा नाही, धातू, खोदकाम व तुलना यांवरून अमुक गोष्ट संभवत नाही. दोहोंमध्ये जी जागा उरेल तेवढीच त्या शिक्क्याच्या वयाची आपली माहिती.